साखरेविना गोडी: तुलना नेमकी कशाशी?



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो ‘कृत्रिम गोडी : तारक की मारक?’ असा. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. मूळ प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे त्याचं कारण. बाजारात गोडी देणारे अनेक पदार्थ आहेत. शरीरात गेल्यावर त्यांचे रस्ते वेगवेगळे होतात. त्यांना एकाच पिंजऱ्यात उभं करून निकाल मागितला, तर निकाल चुकीचाच लागणार. म्हणून आज एकाच पदार्थाचा माग काढू. तो डाएट पेयांत सापडतो, चहाच्या ‘शुगर-फ्री’ गोळीत सापडतो आणि जिमला जाणाऱ्या पोरांच्या प्रोटीनच्या डब्यात तर बहुतेकदा सापडतो. त्याचं नाव सुक्रालोज. डब्यावर नाव दिसलं नाही, तर घटकांच्या यादीत ९५५ हा आकडा शोधा.

गोष्ट १९७६ सालची, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातली. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून नवी संयुगं तयार करण्याचं काम चालू होतं. त्या कामाशी ‘टेट अँड लाइल’ ही साखर कंपनी जोडलेली होती. तिथे शशिकांत फडणीस नावाचे भारतीय संशोधक काम करत होते. एक संयुग तपासून बघ, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्या कानांनी ते ‘चाखून बघ’ असं टिपलं आणि त्यांनी ते खरोखर जिभेवर ठेवलं. आज कोणत्याही प्रयोगशाळेत असं करणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवतील. पण त्या दिवशी जिभेने जे सांगितलं, ते यंत्राने सांगितलं नसतं. ते संयुग साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड होतं.

या रेणूची रचना समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात. त्यांतल्या तीन काढून त्यांच्या जागी क्लोरीनचे तीन अणू बसवले की सुक्रालोज तयार होतं. जिभेवरच्या गोडीच्या ग्राहींना ते साखरेपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं. आपल्या लहान आतड्यात साखर फोडणारं जे विकर आहे, त्याला मात्र हा बदललेला रेणू फोडता येत नाही. न फुटल्यामुळे त्यापासून ऊर्जा मिळत नाही. पोटात गेलेल्या सुक्रालोजपैकी साधारण ८५ टक्के शोषलं न जाता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि जसंच्या तसं शौचावाटे बाहेर पडतं. उरलेलं थोडं रक्तात शिरतं आणि त्यातलं बहुतेक लघवीवाटे जातं.

आता त्याच्या भावंडांकडे नजर टाका. ॲस्पार्टेम, म्हणजे ९५१, लहान आतड्यातच फुटतं. त्यातून दोन अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल सुटतं, त्यामुळे मोठ्या आतड्यापर्यंत ते मूळ रूपात पोचतच नाही. ॲसेसल्फेम-के, म्हणजे ९५०, जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि लघवीतून निघून जातं. म्हणजे ‘कृत्रिम गोडीने आतड्यातले जिवाणू बिघडतात’ असं वाक्य कानावर आलं, की कोणत्या गोडीने, हे आधी विचारायला हवं. जिवाणूंची वस्ती मोठ्या आतड्यात आहे आणि या तिघांपैकी तिथवर चालत जाणारा पदार्थ प्रामुख्याने सुक्रालोज आहे. या विषयावर बोलायला मी त्याची निवड केली, ती याचसाठी.

आधी वजनाचा आणि भुकेचा प्रश्न घेऊ.

नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलं साधारण पाच ते बारा वर्षांची होती आणि गोड पेय रोज पिणारी होती. अर्ध्या मुलांना दररोज २५० मिलिलिटर साखरेचं पेय दिलं गेलं आणि अर्ध्यांना तेवढंच पेय सुक्रालोज व ॲसेसल्फेम घालून दिलं गेलं. डबे बाहेरून सारखे आणि चवही जवळपास सारखी. कोणत्या मुलाच्या हातात काय आहे, हे मुलांना, पालकांना आणि शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. हा प्रकार दीड वर्ष चालला. वाढत्या वयाची मुलं, त्यामुळे वजन दोन्ही गटांत वाढणारच होतं. साखरेच्या गटात ते सरासरी ७.३७ किलोने वाढलं आणि बिनसाखरेच्या गटात ६.३५ किलोने. एका किलोचा फरक पडला. साखर गेली म्हणून मुलांनी तेवढं अन्न दुसरीकडून भरून काढलं असतं, तर हा फरक दिसला नसता.

हा पुरावा भक्कम आहे. पण तो नेमकं काय सांगतो, हे बारकाईने बघा. साखरेच्या पेयाऐवजी बिनसाखरेचं पेय दिलं तर वजन कमी वाढतं, एवढंच तो सांगतो. त्या प्रयोगात पाणी पिणारा गट नव्हता. ‘डाएट पेय वजनाला चांगलं’ असा मथळा यावरून काढणारा माणूस वाक्याचा उत्तरार्ध गिळून टाकतो.

पाण्याशी तुलना केली की चित्र धूसर होतं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या ४९३ लोकांना दोन गटांत विभागलं. एक गट पाणी पिणारा, दुसरा डाएट पेय पिणारा. वर्षाअखेर डाएट पेयाच्या गटाचं वजन ७.५ किलोने घटलं आणि पाण्याच्या गटाचं ६.१ किलोने. या प्रयोगाला पैसा अमेरिकेतल्या पेय उत्पादकांच्या संघटनेने पुरवला होता. इराणमध्ये आहारावर असलेल्या स्थूल स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला. दुपारच्या जेवणानंतर डाएट पेय घेण्याची सवय असलेल्या या बायकांपैकी काहींना त्याऐवजी पाणी प्यायला सांगितलं. चोवीस आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचं वजन ८.८ किलोने घटलं आणि डाएट पेय पिणाऱ्यांचं ७.६ किलोने. एकीकडे फरक सव्वा-दीड किलोचा डाएट पेयाच्या बाजूने आणि दुसरीकडे जवळपास तेवढाच पाण्याच्या बाजूने. दोन्हीकडे सगळ्याच गटांचं वजन उतरलं, आणि ते मुख्यतः आहारातल्या बदलामुळे. एखाद्याने यांतला एकच प्रयोग पुढे करून तुम्हाला पटवायचा प्रयत्न केला, तर दुसरा त्याच्यापुढे ठेवा.

मग भुकेचं काय? ‘डाएट पेय प्यायलं की जास्त भूक लागते’ ही तक्रार मी अनेकदा ऐकते. तिला आधार आहे का?

लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅथलीन पेज यांच्या गटाने ७५ जणांवर केलेला प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेची मांडणी मला हवी तशी सापडली. प्रत्येक माणूस तीन वेगवेगळ्या दिवशी आला. एका दिवशी त्याला साखरेचं पाणी दिलं, एका दिवशी तेवढंच गोड सुक्रालोजचं आणि एका दिवशी साधं पाणी. पेयाआधी आणि नंतर मेंदूचं स्कॅनिंग झालं. भुकेचं नियमन करणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागातला रक्तप्रवाह मोजला गेला आणि ‘भूक किती वाटते’ हेही विचारलं गेलं.

साखर प्यायल्यावर रक्तातली साखर वाढली आणि त्याबरोबर हायपोथॅलॅमसमधला रक्तप्रवाह मंदावला. म्हणजे मेंदूला ‘काहीतरी पोचलं’ हा निरोप मिळाला. सुक्रालोजनंतर तो निरोप गेला नाही. तिथला रक्तप्रवाह साखरेच्या मानाने वाढलेला राहिला आणि लोकांना भूकही जास्त वाटली. याच्या बातम्या झाल्या, ‘शुगर-फ्री खाल्ल्याने भूक वाढते’ अशा. पण तिसरा दिवस बातमीतून गळला. साध्या पाण्याशी तुलना केली तर मेंदूतला रक्तप्रवाह सुक्रालोजनंतर जास्त होता हे खरं, मात्र लोकांनी सांगितलेल्या भुकेत फरक नव्हता.

हे नीट पचवू. साखरेच्या पेल्यात ऊर्जा होती, तिने भूक थोडी मारली. सुक्रालोजच्या पेल्यात ती नव्हती, म्हणून त्याने भूक मारली नाही. पाण्यानेही मारली नाही. या प्रयोगाच्या पेल्यात ७५ ग्रॅम साखर होती, म्हणजे ३०० किलोकॅलरी. सुक्रालोज घेणाऱ्याला नंतर अधिक भूक लागली, तरी पुढच्या खाण्यात त्याने ३०० किलोकॅलरी जादा खाल्ल्या तरच हिशोब बरोबरीत येईल. डच मुलांनी तसं केलं नाही, हे आपण पाहिलं. मात्र मेंदूतला जो फरक पाण्याच्या तुलनेतही दिसला, तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गोड चव आली आणि पाठोपाठ ऊर्जा आली नाही, याची नोंद मेंदू घेतो. अशी नोंद वर्षानुवर्षं रोज होत राहिली तर खाण्याच्या सवयी बदलतात का, याचं उत्तर एका सकाळच्या स्कॅनिंगमधून मिळणार नाही.

इथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या सल्ल्याचा उल्लेख करते. वजन काबूत ठेवण्यासाठी अशा गोडीवर अवलंबून राहू नका, असा तो सल्ला. त्यामागे दोन प्रकारचा पुरावा आहे आणि तो एकमेकांच्या विरुद्ध बोलतो. माणसांना गट पाडून दिलेल्या, काही आठवडे-महिने चाललेल्या प्रयोगांत वजन थोडं घटलं, सरासरी पाऊण किलोच्या आतबाहेर. हजारो लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या पाहणीत मात्र अशी गोडी खाणाऱ्यांत स्थूलपणा जास्त आढळला. पण पाहणीत एक गोम असते. ज्याचं वजन आधीच वाढू लागलं आहे, तोच साखर सोडून डाएट पेयाकडे वळतो. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? संघटनेने म्हणूनच हा सल्ला सशर्त ठेवला. मधुमेह असलेल्यांना तर त्यातून स्पष्टपणे वगळलं. ही दुसरी बाब नजरेआड होऊ देऊ नका.

आता आतड्याकडे वळू.

इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाचा २०२२ सालचा प्रयोग या क्षेत्रात सगळ्यात जास्त चर्चिला गेला. त्यांना अशी माणसं हवी होती, ज्यांच्या आहारात कृत्रिम गोडी अजिबात नाही. सॉसमध्ये, च्युइंगगममध्ये, टूथपेस्टमध्ये, सगळीकडे ती असते, म्हणून तेराशेहून अधिक जणांना चाळून शेवटी १२० निवडावे लागले. त्यांचे सहा गट झाले. चार गटांना सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया यांच्या पुड्या मिळाल्या. पुडीत गोडीबरोबर भर म्हणून ग्लुकोज असतं, म्हणून पाचव्या गटाला नुसतं ग्लुकोज दिलं. सहाव्याला काहीच नाही. सुक्रालोजची मात्रा रोज १०२ मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेतल्या मान्य मर्यादेच्या साधारण एक तृतीयांश. दोन आठवडे हे चाललं.

सुक्रालोज आणि सॅकरिन या दोन गटांत ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत रक्तातली साखर आधीपेक्षा जास्त चढली. ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत तसं झालं नाही. पुढची पायरी खरी महत्त्वाची. संशोधकांनी माणसांच्या शौचातले जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. ज्या माणसांची साखर जास्त चढली होती, त्यांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचीही साखर चढली. ज्यांना फरक पडला नव्हता, त्यांच्या जिवाणूंनी उंदरांत तो बदल घडवला नाही. जिवाणूंची वस्ती बदलली आणि साखर चढली, या दोन घटना शेजारी-शेजारी घडल्या एवढंच नव्हे, तर पहिलीमुळे दुसरी होऊ शकते, असा हा पुरावा आहे.

पण याच्या शेजारी दुसरा कागद ठेवावा लागतो. २०१९ साली ३४ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना सात दिवस रोज ७८० मिलिग्रॅम सुक्रालोज दिलं गेलं. इस्राएलमधल्या मात्रेच्या सातपटीहून जास्त. तरीही ना जिवाणूंच्या वस्तीत ठळक बदल झाला, ना रक्तातल्या साखरेत.

मात्रा जास्त आणि परिणाम शून्य, हे कसं? एक शक्यता काळाची आहे, सात दिवस आणि चौदा दिवस. दुसरी शक्यता माणसांची आहे. वाइझमनच्या लोकांच्या पोटातल्या जिवाणूंना या पदार्थाची ओळख नव्हती. तिसरी शक्यता मला सगळ्यात रोचक वाटते, कारण तिचा थेट धागा प्रोटीनच्या डब्याशी जुळतो. वाइझमनमधलं सुक्रालोज ग्लुकोजसोबत पोटात गेलं होतं.

येल विद्यापीठात डेना स्मॉल यांच्या गटाने २०२० साली ४५ जणांना दहा दिवसांत सात पेयं दिली. एका गटाला साखरेचं, एकाला सुक्रालोजचं आणि एकाला सुक्रालोजमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मका किंवा इतर स्टार्च तोडून केलेली पांढरी पूड. ती फारशी गोड नसते, पण पोटात झटकन ग्लुकोज होते. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद घसरला तो फक्त या मिश्रणाच्या गटात. नुसत्या सुक्रालोजने तो घसरला नाही. नंतर नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन देऊन पाहिलं, तेव्हाही नाही. गट लहान होते, म्हणून यावर इमला चढवू नये. पण ‘गोडी एकटी जाते की पिठूळ पदार्थासोबत जाते’ हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, एवढं यातून ठरतं.

आता प्रोटीनचा डबा उघडू. चॉकलेट चवीचा एक चमचा, म्हणजे डब्यातला मोठा मोजमापाचा चमचा, ३० ते ३५ ग्रॅमचा असतो. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. आधी व्हे प्रोटीन, मग कोको, मग घट्टपणा आणणारे डिंक आणि शेवटी स्वीटनर ९५५. काही डब्यांत प्रोटीननंतर लगेच माल्टोडेक्स्ट्रिन येतं. ‘मास गेनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत तर ते बहुधा प्रोटीनच्याही आधी असतं. येलच्या प्रयोगातली जोडी इथे एकाच चमच्यात भेटते. ती टाळायची असेल, तर यादीत माल्टोडेक्स्ट्रिन कितव्या क्रमांकावर आहे, हे बघणं सोपं आहे.

‘प्रोटीन घेतलं की पोट फुगतं, गॅस होतो, हा स्वीटनर मला सोसत नाही’ असं मुलं सांगतात. इथे मात्रांचा हिशोब मांडून बघा. त्या चमच्यात सुक्रालोज मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकंच असतं. व्हे कॉन्सन्ट्रेट प्रकारचं असेल, तर त्यात दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. आणि मुलगा तो चमचा पावशेर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात ढवळत असेल, तर त्या दुधातून बारा ग्रॅम लॅक्टोज वेगळं. लॅक्टोज न पचणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात आंबतं आणि पोट फुगतं. म्हणजे आरोपी शोधायला निघालो, तर आधी दुधाला विचारायला हवं.

प्रोटीन बारची गोष्ट वेगळी आहे. ‘साखर नाही’ लिहिलेल्या बारमध्ये गोडी बहुधा माल्टिटॉलची असते, आकडा ९६५. कधी सॉर्बिटॉल, आकडा ४२०. ही साखरेची अल्कोहोलं. सहाशे पट गोड नसल्याने ती मिलिग्रॅममध्ये नाही, ग्रॅममध्ये घालावी लागतात. एका बारमध्ये दहा-पंधरा ग्रॅम सहज जातात. त्यांतला बराच भाग शोषला जात नाही, तो आतड्यात पाणी ओढून घेतो आणि जिवाणू त्याला आंबवतात. दोन बार पाठोपाठ खाल्ले की जुलाब होऊ शकतात, हे वादातीत आहे. आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे अशा पदार्थाच्या वेष्टनावर जुलाबाचा इशारा छापावा लागतो.

मग खरं कारण कसं ओळखायचं? एका वेळी एकच गोष्ट बदला. आठवडाभर तीच पूड दुधाऐवजी पाण्यात घ्या. पोट शांत झालं, तर दोष दुधाचा. नाही झालं, तर पुढचा आठवडा बिनचवीचं, बिनगोडीचं व्हे आयसोलेट घ्या. त्यात लॅक्टोज जेमतेम असतं आणि स्वीटनर नसतो. आता बरं वाटलं, तर कॉन्सन्ट्रेटमधलं लॅक्टोज, डिंक किंवा सुक्रालोज यांपैकी काहीतरी कारण आहे. मग त्याच बिनचवीच्या आयसोलेटमध्ये सुक्रालोजची गोळी घालून बघा. त्रास परत आला तर संशय पक्का, नाही आला तर स्वीटनर सुटला. दोन्ही बदल एकाच दिवशी केले, तर काहीच कळणार नाही.

शेवटी निष्कर्षाकडे येते. जो रोज साखरेचं थंड पेय पितो, त्याने बिनसाखरेचं घेतलं तर त्याचा फायदा होतो आणि त्याला पुरावा चांगला आहे. जो पाणी, ताक किंवा बिनसाखरेचा चहा पितो, त्याने आरोग्यासाठी म्हणून डाएट पेय सुरू करायला कुठलंही कारण दिसत नाही. मधुमेह्याने चहातली गोळी बातमी वाचून बंद करून साखर सुरू करणं, हा उलटा उपाय झाला. गोळीचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं. प्रोटीन घेणाऱ्याने बिनगोडीचा डबा घेऊन त्यात पिकलेलं केळं घातलं तर हा सगळा प्रश्न बाजूला पडतो, खर्चही फारसा वाढत नाही.

आतड्याच्या बाबतीत मात्र निकाल अजून लागलेला नाही. तो लागायला दोन आठवड्यांचे नव्हे, कित्येक महिन्यांचे प्रयोग हवेत, त्यांत पाण्याचा गट हवा, गोडी कशासोबत पोटात गेली याची नोंद हवी आणि आधीपासून ती खाणारी व कधीच न खाणारी, अशी दोन्ही प्रकारची माणसं हवीत. असा प्रयोग छापून येईल तेव्हा त्याचा मथळा काहीही असो, तुलना कशाशी केली, ते आधी पाहा.